पल्लवीचं नाव नऊ जूनच्या आत टाक

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

तू काल एचआरचा मेल फॉरवर्ड केलास आणि खाली लिहिलंस "आई हे काय आहे बघ, मला वेळ नाही". दवाखान्यात आमच्या विम्याच्या डेस्कवर दिवसभर हेच चालतं त्यामुळं जेवणाच्या सुट्टीत सगळा वाचला. मेल बरा लिहिलाय, पण त्यात दोन वेगवेगळ्या मुदती आहेत आणि तू त्या एकच समजून बसलायस असं वाटायलंय.

१ जुलैला तुमच्या कंपनीची आरोग्य विम्याची ग्रुप पॉलिसी रिन्यू होणार, त्यासाठी १० ते २० जून पोर्टल उघडं राहणार. तू म्हणतोस तेव्हाच पल्लवीचं नाव टाकतो. पण मेलमधलाच दुसरा पॅरा बघ, नवीन लग्न झालेल्यानं बायकोचं नाव लग्नाच्या तारखेपासून ३० दिवसांत टाकायचं. तुमचं लग्न ११ मेचं. लग्नाचा दिवस धरून मोजलं तर ९ जूनलाच तीस दिवस भरतात, न धरता मोजलं तर १० ला. कंपनी कसं मोजते ते विचारत बसू नको, ९ च्या आत टाकून मोकळा हो. हे दिवस लग्नाच्या तारखेपासूनच मोजतात हां, सर्टिफिकेट कधी हातात आलं त्याच्यावरून नाही. ग्रामपंचायतीतून दाखला निघायला वेळ लागतो हे खरंय, तवर पत्रिका आणि लग्नाचा फोटो चालतो का ते एचआरला आजच मेल करून विचार आणि उत्तर जपून ठेव.

मुदत हुकली तर ती कायमचीच बाहेर राहते असं नाही, रिन्यूअलला नाव टाकता येतं, पण मग तिचं कव्हर १ जुलैपासून सुरू होणार आणि मधले दिवस ती कशातच नाही. आणि २० जूनही गेली की थेट पुढच्या वर्षीचा जुलै, मग वर्षाच्या मधे कुणी कितीबी ओळखीचा असला तरी नाव चढत नाही. पुढं लेकरू झालं की त्यालाबी हाच तीस दिवसांचा नियम.

आता नावाचं. पल्लवीच्या आधारवर अजून माहेरचं नाव आहे. तू पोर्टलवर हौसेनं आपलं आडनाव लावशील, तसं करू नको. आधारवर जे आहे तेच अक्षर न अक्षर टाक, आणि आधार बदलून आणलं की मग एचआरला सांगून पॉलिसीतलं बदलून घे. आमच्याकडं पेशंट येतो तेव्हा मी ई-कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून बघते, कार्डावर एक नाव आन् आधारवर दुसरं असलं की विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या टीपीएकडून क्वेरी येते, हे तेच माणूस आहे याचा पुरावा द्या म्हणून. कॅशलेसला तासाभरात उत्तर द्यायचा नियम आहे, पण क्वेरी पडली की नातेवाईक कागदं शोधत फिरतात आन् गोष्ट लांबते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईवडिलांचा कॉलम. मेलमधे स्पष्ट लिहिलंय की एकतर स्वतःचे आईवडील नाहीतर सासूसासरे, एकच जोडी. माझं नाव आणि पल्लवीच्या वडलांचं, असं मिसळून चालत नाही. आणि एकदा निवडलं की वर्षभर बदल नाही. तू आमचंच टाकणार हे मला माहितीय पण मला विचारशील तर इवाईंचं आणि ईनबाईंचं, म्हणजे पल्लवीच्या आईवडलांचं टाक.

कारण ऐक. आमची दोघांची स्वतःची पॉलिसी २०१९ पासून सलग चालू आहे, पप्पांच्या शुगरला कव्हर मिळायच्या आधीची वेटिंग कधीच संपलीय. ती तशीच चालू ठेवायची, कारण तुझा ग्रुप म्हणजे नोकरी आहे तवर, उद्या तू कंपनी सोडलीस की त्याच दिवशी ते कव्हर गेलं. आमची पॉलिसी आत्ता सोडली आणि नंतर या वयात नवीन घ्यायला गेलो तर शुगरसारख्या जुन्या आजाराला परत तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील, ते बी पॉलिसी दिली तर. इवाईंकडं मात्र काहीच नाही, शुगर आहे, बीपी आहे, शेती सोडून दुसरं उत्पन्न नाही. आणि तुमच्या पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत, मेलमधे तसं लिहिलंय, मी दोनदा वाचलं. बाहेर त्यांना अशी पॉलिसी कुणी देणार नाही.

फुकट नाहीये हे मात्र ध्यानात ठेव. त्यांचा प्रीमियम तुझ्या पगारातून कापणार, आणि पालकांच्या क्लेमवर २० टक्के को-पे आहे. म्हणजे दोन लाखाचं बिल मंजूर झालं तर एक लाख साठ हजार कंपनीची पॉलिसी देणार आणि चाळीस हजार आपल्याला डिस्चार्जच्या वेळी भरायचे. मंजूर न झालेलं, म्हणजे हातमोजे, जेवणखाण असलं वेगळं. हे इवाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटंल सगळं माफ आहे आणि काउंटरवर वाद होतो, मी रोज बघते. आणखी एक, सासूसासऱ्यांच्या प्रीमियमवर तुला इन्कम टॅक्समधे ८०डीची सूट मिळत नाही, फक्त स्वतःच्या आईवडलांच्या मिळते. तू नव्या रिजीममधे असशील तर तसंही काही फरक पडत नाही.

त्यांचं आधार मागवून घे आणि जन्मतारीख नीट बघ. शाळेत गुरुजींनी टाकली तीच तारीख, आपल्याकडं अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलाय. खरी तारीख कुठली यात पडू नको, आधारवर जी आहे तीच टाक. पण पॅनवर वेगळं साल असलं तर आधी ते जुळवून घ्यायला सांग, कारण वयाच्या गटावर प्रीमियम ठरतो आणि क्लेमच्या वेळी साल जुळलं नाही तर कमी वय दाखवलं असा संशय घेतात.

पोर्टलवर माहिती भरून Save केलं म्हणजे झालं असं नसतं, पुढं Submit चं बटण असतं. ते दाबल्यावर मेल येतो का बघ, मेल आला नाही तर नोंद झालीच नाही असं समज. ई-कार्डं आली की प्रत्येकाचं उघडून चार गोष्टी बघ, नाव, जन्मतारीख, नातं आणि कव्हर कधीपासून चालू. नात्यात सासऱ्याच्या जागी Father पडलेलं मी किती वेळा पाहिलंय. चूक दिसली तर लगेच एचआरला कळव, दवाखान्यात भरती झाल्यावर दुरुस्ती करायला गेलं की हजार प्रश्न विचारतात.

पप्पांना मी काही बोलले नाही अजून. त्यांना वाटायलंय तू आपलंच नाव टाकणार, आणि इवाईंचं टाकलं म्हणल्यावर थोडं फुगतील, ते मी बघून घेते. तू पल्लवीला आज रात्रीच सांग, तिच्या घरून चौघांचे नाही, फक्त दोघांचे आधारचे फोटो मागव, तिच्या भावाचं नाव यात चढत नाही, भाऊबहीण कुठल्याच कॉलमात नाहीत. फोटो सरळ काढायला सांग, मागच्या वेळी पाठवलेल्यात निम्मं बोटच होतं.

तुझी आई
लातूर