त्या सकाळी बाकाशी थांबलेल्यांचे मनापासून आभार

आमचे बाबा पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानाबाहेरच्या ठरलेल्या बाकावर रोज सकाळी बसतात. ओळख असो-नसो, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हात उंचावून म्हणतात, ‘नमस्कार, बरं आहे ना?’

गेल्या महिन्यात एका मंगळवारी तो हात वर गेलाच नाही; बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. रोज फिरायला येणाऱ्या ताई, तुम्ही पुढे गेला होतात, पण परत फिरलात. ‘काका, आज बोलणं जड का येतंय?’ तुम्ही त्यांना हसायला सांगितलंत; ओठाचा उजवा कोपरा खालीच राहिला. दोन्ही हात पुढे धरायला लावलेत. उजवा हळूहळू खाली आला. लगेच १०८ला फोन केलात.

कुणीतरी मायेनं चहा आणला होता. एका दादांनी तो थांबवला, कारण अशा वेळी गिळणं अवघड होऊ शकतं आणि घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो.

रुग्णालयात पहिला प्रश्न होता, ‘शेवटचे ठणठणीत कधी होते?’ आम्ही तर घरी होतो! उत्तर पेपरवाल्या मुलाकडे होतं: ‘सहा चाळीसला मला नीट नमस्कार केला.’ मेंदूकडचा रक्तप्रवाह अडवणारी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहून. बाबांना ते वेळेत मिळालं.

तुमची नावं विचारायची राहून गेली. बाबा पुन्हा बाकावर येऊ लागलेत. सध्या डावा हात उंचावतात. ताई, तुम्ही दिसलात की हाक मारायची म्हणून वाट बघत असतात.