गजूला पत्र : संमेलनाची पहिली तीन मिनिटं

12 जानेवारी

प्रिय गजू,

तुझं पत्र काल मिळालं. वडशाकडच्या तुमच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तुझ्याकडे आलं, हे वाचून लय आनंद झाला. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "गजू बोलते चांगला, फक्त घाई करते." तर घाई करू नको, आणि हे पत्र सावकाश वाच.

तू विचारलंस, सुरुवातीच्या स्वागतात काय बोलायचं. मी गेल्या महिन्यात 27 डिसेंबरला आमच्या संमेलनात तेच केलं. काय जमलं आणि कुठं चुकलं, दोन्ही सांगतो.

माझा पहिला मसुदा दोन पानांचा होता. "सूर्याच्या सोनेरी किरणांनी नटलेल्या या मंगल प्रभाती, ज्ञानाच्या या पवित्र मंदिरात" अशी सुरुवात, मधे मोबाइलवरून उतरवलेल्या चार चारोळ्या, मग कॉलेजचा इतिहास, मग पाहुण्यांचं कौतुक. मराठीच्या मॅडमनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "हे कोणाला सांगतोस? मंडपात कोण बसलं असेल, ते आधी लिहून आण."

मी लिहायला बसलो. पहिल्या एसटीनं आलेली पोरं. आईची साडी नेसून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुली. कापसाची वेचणी अर्ध्यावर टाकून, त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आया. मागं उभे असलेले गावातले म्हातारे. यातल्या एकालाही सोनेरी किरणांचं काही देणंघेणं नव्हतं. शिवाय कॉलेजचा इतिहास प्राचार्य प्रास्ताविकात सांगणार होते, आणि पाहुण्यांचा परिचय दुसरेच सर करून देणार होते. म्हणजे माझा अर्धा मसुदा दुसऱ्यांच्या ताटातला घास होता. निवेदकानं तो आधीच उचलला, की पुढचे लोक तेच पुन्हा सांगतात आणि मंडप कंटाळतो. हे मी इतर ठिकाणी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण स्वतः लिहिताना लक्षात आलं नाही.

मग मॅडमनी गाडगेबाबांची आठवण काढली. बाबा कीर्तनाला उभे राहिले की थेट लोकांनाच प्रश्न विचारायचे, तेही आपल्या वऱ्हाडीत. लोक उत्तर द्यायचे, आणि उत्तर दिलेला माणूस मग ऐकायलाही बसायचा. आपल्या भागात गर्दीशी बोलायची ही रीत आधीपासून आहे, तर आपण चारोळ्या कशाला शोधायच्या?

दुसरी अडचण तारखेची होती. 27 डिसेंबर म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. त्या दिवशी प्रत्येक वक्ता भाऊसाहेबांचं चरित्र सांगणार, हे ठरलेलंच. मी त्यातली एकच गोष्ट घेतली, त्यांचं गाव. शेवटी स्वागत असं झालं :

"नमस्कार. पहिल्या एसटीनं आलेल्यांना, सायकलीवर आलेल्यांना, वेचणी सोडून आलेल्या माय-मावश्यांना नमस्कार. थिलोरीचे कोन कोन आले हो? वडनेर गंगाईचे? येवद्याचे? आणि पापळचे कोणी आले काय? नाही? आले आहेत. हे बघा, या फोटोत. पापळच्या एका शेतकऱ्याच्या घरी 1898 साली आजच्याच दिवशी भाऊसाहेब जन्मले. गाव सोडून शिकायला गेले, देशाचे कृषिमंत्री झाले, आणि आपल्यासारख्यांना शिकायला लांब जावं लागू नये म्हणून खेड्यापाड्यांत शाळा-कॉलेजं उभी करत राहिले. आज ते आपल्यातच आहेत, असं समजून आपण दिवा लावू या."

एवढंच. मी प्रश्न वऱ्हाडीत विचारले आणि भाऊसाहेबांबद्दल साध्या प्रमाण भाषेत बोललो. सगळं वऱ्हाडीत बोललो असतो, तर पोरांनी ते नक्कल समजून हसण्यावारी नेलं असतं.

चूक कुठं झाली ते ऐक. सगळ्यांत जास्त पोरं येवद्याची, आणि मी ते गाव शेवटी घेतलं. शिट्ट्या थांबेनात. पापळचा प्रश्न त्या गोंधळात बुडाला आणि सगळं स्वागत ज्या एका शांत क्षणावर उभं होतं, तोच निसटायला लागला. "शांत बसा" म्हणणं फार जिवावर आलं होतं. मी काहीच बोललो नाही, माईकसमोर नुसता उभा राहिलो. आठ-दहा सेकंद गेले असतील. पोरं आपोआप थांबली, मग तोच प्रश्न हळू आवाजात पुन्हा विचारला. मोठं गाव आधी घ्यायचं आणि लहान गाव शेवटी, म्हणजे आवाज आपसूक उतरत येतो. तू ही चूक करू नको.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला फार लागली. एका पाहुण्यांचं पद मी चुकीचं वाचलं. छापील पत्रिकेत होतं तेच वाचलं, पण त्या सकाळी पाहुणेच बदलले होते. त्यांनी मोठ्या मनानं हसून सोडून दिलं, तरी मला दिवसभर खात होतं. आता मी प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळं कार्ड करतो. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापायचा, त्यावर नाव, पद आणि गाव मोठ्या अक्षरांत लिहायचं. वाऱ्यानं ते उडत नाही, आणि पाहुणे बदलले की तेवढं एक कार्ड काढता येतं. पाहुण्यांना आणायला जो जातो, त्याच्याकडून नावाचा उच्चार मंचाच्या मागंच विचारून घे.

माईकचंही बघ. आमच्या मैदानापलीकडं गोदामाची भिंत आहे, साधारण ऐंशी मीटरवर. कर्ण्यातला आवाज तिच्यावर आपटून परत यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो, आणि तोवर तू बोलत राहिलास तर दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. म्हणून वाक्य छोटं ठेव, आणि वाक्य संपलं की एक श्वास थांब. आदल्या संध्याकाळी रिकाम्या मैदानात एकदा टाळी वाजवून बघ, तुझ्याकडं आवाज परत येतो का ते तिथंच कळेल. हातातला माईक घेऊन स्पीकरच्या तोंडासमोर गेलास, तर तो किंचाळतो. तसं झालं तर माईक हातानं झाकू नको, त्यानं आणखी वाढतं. बाजूला हो.

2023 पासून आपल्याला राज्यगीत आहे. ते सुरुवातीला असेल, तर "कृपया उभे राहावे" म्हणून लगेच गाणं सुरू करायला लावू नको. आयांना मांडी मोडून उठायला वेळ लागतो. खुर्च्यांचा आवाज थांबला, की मगच गाणाऱ्या मुलींकडं बघ.

आता तुझ्याकडचं. माझं स्वागत जसंच्या तसं उचलू नको, तिथं ते चालणार नाही. तुमच्याकडचा माणूस झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बसून बघणारा. दंडार आणि खडी गंमत त्यानं लहानपणापासून पाहिली आहे. मंचावरचा माणूस खरं बोलतो की पाठ केलेलं म्हणतो, हे त्याला पहिल्या वाक्यात कळतं. त्याला गावांची हजेरी कदाचित पोरकट वाटेल. मला वाटतं, तू नाटकाचाच प्रश्न विचारावा : या हंगामात कोणी किती नाटकं पाहिली? तीन पाहिलेले, पाच पाहिलेले, असे हात वर येऊ दे. सगळ्यांत जास्त पाहिलेली आजी समोर बसली असेल, तर तिलाच सांग की आज मंचावर तुमचीच नातवंडं आहेत, चुकलं तर तुम्ही ओळखाल. प्रश्न झाडीबोलीतच विचार, तुझ्या आजीच्या बोलीत.

मसुदा लिहिलास की मला पाठव, पण आधी मंडपात कोण बसणार त्यांची यादी कर आणि तीही सोबत जोड. दोन्ही वाचून मी आठवड्यात उत्तर देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
बाळू