ओटीपीचा मेसेज आला की आधी शब्द वाचा

ती. आई-बाबांना नमस्कार,

बाबांच्या कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंदच ठेवायचे असं ठरवलंय. बाबा, रागावू नका, तुम्हाला इंग्रजी येत नाही असं मी म्हणत नाहीये, माझे सगळे फॉर्म तुम्हीच तर भरून द्यायचात. मेडिकलमध्ये, पेट्रोलपंपावर कार्ड चालेलच, लाइटबिल आणि गॅस मी इथून भरेन, आईची भिशी जशी आहे तशीच.

काळजी त्या पेन्शनवाल्या फोनमुळे वाटते. 'फरक जमा करायचाय, आलेला नंबर सांगा' म्हणाला आणि मेसेज हा होता:

```
482913 is the OTP to add beneficiary
A/c XX7731. Do not share with anyone.
```

बाबांना वाटलं बेनिफिशियरी म्हणजे लाभार्थी, म्हणजे आपल्याला काहीतरी मिळणार, सरकारी योजनांच्या यादीत तसंच असतं ना! पण बँकेत बेनिफिशियरी म्हणजे ज्याला आपल्या खात्यातून पैसे जाणार तो. XX7731 हे त्या माणसाचं खातं, आपलं नव्हे. म्हणजे तो आपल्या नेटबँकिंगमध्ये आधीच शिरला होता, फक्त हा नंबर अडला होता. आईने फोन ठेवायला लावला, पासवर्डही त्याच दिवशी बदलला, खूप बरं झालं.

फोन मराठी केलाय, त्यामुळे गूगलचा 'तुम्ही साइन इन करताय का' हा प्रश्न आता मराठीत येईल, आणि तुम्ही स्वतः काही उघडत नसाल तर 'नाही'च दाबायचं. पण बँकेचा एसएमएस बँक पाठवेल त्याच भाषेत येणार, फोनची भाषा बदलून तो बदलत नाही. म्हणून आकड्याआधी शब्द बघा. txn of INR असेल तर पुढची रक्कम खर्चाची, debit म्हणजे आपले पैसे जाणार, reset password म्हणजे कोणीतरी कुलूपच बदलतंय. अर्धं कळलं आणि अर्धं अंदाजाने जोडलं तर अंदाज नेहमी आपल्याला हवा तसाच निघतो, आणि फोनवरचा माणूस तोच अंदाज तोंडात घालत असतो.

घाई करू नका. ओटीपी काही मिनिटांत बाद होतो, होऊ दे, आपलं खरंच काम असेल तर दुसरा मागवता येतो. मला फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन, पण शब्द वाचून दाखवा, आकडे मलाही सांगू नका. स्क्रीनशॉटही नको.

आणि चुकून नंबर गेलाच तर लपवू नका हं, मी ओरडणार नाही. लगेच बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. आपणच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्यावर येऊ शकतं, रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात तसंच होतं. नवीन जोडलेल्या खात्यात बऱ्याच बँका सुरुवातीचे काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, तेवढाच वेळ हाताशी असतो.

आई, बँकेचा नंबर पासबुकावरून बघून फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिही. आणि बाबांना बीपीची गोळी वेळेवर दे.

तुमची,
छोटी