एकच हेतू, नऊ दिवस

प्रिय बाळा,

नोकरीसाठी संत योसेफाचा नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, करायचा म्हणालास, म्हणून हे लिहिते. योसेफ कामकऱ्यांचा आश्रयदाता, त्यामुळे निवड योग्यच आहे. सण 19 मार्चला असतो. सणाच्या आदल्या दिवशी नववा दिवस यावा, म्हणून 10 मार्चला सुरुवात कर, म्हणजे 18 ला पूर्ण होईल. दिवस नऊच का, तर येशूच्या स्वर्गारोहणानंतर मरियामाता आणि प्रेषित एकत्र प्रार्थना करत राहिले आणि पेंटेकॉस्टला पवित्र आत्मा उतरला. तीच पहिली नऊ दिवसांची वाट पाहणी.

आता हेतूचं बघू. तू फोनवर सात-आठ हेतू सांगितलेस. त्यातला एकच ठेव. बाकीचे रोजच्या प्रार्थनेत येऊ देत. नाहीतर चौथ्या दिवशी आपण नक्की काय मागतोय तेच आठवत नाही, मी अनुभवलंय. हेतू एका वाक्यात लिहून काढ. "अमुकच कंपनीत लागू दे" एवढंच लिहिलंस तर नऊ दिवस तू त्या कंपनीचाच विचार करशील. "घर चालेल असं प्रामाणिक काम मिळू दे, आणि ते ओळखण्याची बुद्धी दे" असं लिहून बघ. त्या कंपनीचं नावही सांग हवं तर, देवापासून लपवायचं काय! पण शेवटी "तुझी इच्छा असेल तर" हे मनापासून म्हणता येतंय का, ते तपास. म्हणताना घसा अडला, तर त्या अडण्याबद्दलच आधी बोल त्याच्याशी.

रोजची मांडणी साधी ठेव, दहा मिनिटांत बसेल अशी. क्रुसाची खूण, हेतूचं वाक्य, शुभवर्तमानातला छोटा उतारा, थोडा वेळ शांतता, मग 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मारिया', 'पित्याला गौरव' आणि शेवटी योसेफाची प्रार्थना. यातला उतारा तेवढा बदलायचा. पहिल्या दिवशी मत्तयच्या पहिल्या अध्यायातलं स्वप्न घे, मग दुसऱ्या अध्यायातलं मिसरला पळून जाणं, पुढे लूकच्या दुसऱ्या अध्यायातला हरवलेला बाळ येशू. उतारे नऊ भरत नसतील तर तेच पुन्हा वाच. गंमत बघ, या सगळ्यात योसेफ एक शब्दही बोलत नाही. उठतो आणि सांगितलेलं करतो.

एखादा दिवस चुकलाच तर घाबरू नकोस. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं असा चर्चचा नियम नाही. राहिलेली प्रार्थना दुसऱ्या दिवशी कर आणि पुढे चल. "इतक्या जणांना पाठवा, नाहीतर फळ नाही" असे संदेश येतील, ते सरळ पुसून टाक. नुसत्या बाह्य कृतीनेच फळ मिळतं असं मानणं ही अंधश्रद्धा, असं चर्चची धर्मशिकवणच सांगते.

नऊ दिवसांत एकदा पापनिवेदन करून घे आणि 19 ला मिस्साला जा. अर्ज मात्र रोज पाठवत राहा. तुझं वाक्य ठरलं की मला कळव, मीही 10 पासून तेच म्हणेन.

तुझी,
आई