गेटच्या नोंदवहीचा फोटो वाचताना

मा. संपादक,
स.न.

गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये काही चोरी-चपाटी झाली की गेटवरच्या नोंदवहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो सभासदांच्या ग्रुपवर टाकण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. आमच्या सोसायटीत मागील महिन्यात अशाच एका फोटोवरून कुरिअर देणाऱ्या मुलावर स्कूटरच्या बॅटरीच्या चोरीचा आळ आला, आणि तो केवळ ओळी चुकीच्या जुळवल्यामुळे आला. एका कार्यालयाच्या आवक-जावक विभागात एकतीस वर्षे नोंदवह्या सांभाळलेला माणूस म्हणून मी तो फोटो पुन्हा वाचला. त्यात जे दिसले, ते इतर सोसायट्यांनाही उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमच्या वहीत नाव, कोणाकडे, कामाचे स्वरूप आणि आत येण्याची वेळ हे रकाने पाहुणा स्वतः भरतो, तर बाहेर जाण्याची वेळ वॉचमन लिहितो. बॅटरी दुपारी साडेतीन ते साडेचार या वेळेत गेली होती. त्या सुमाराच्या पाच नोंदी, आडनावे बदलून सांगायच्या तर, अशा होत्या: पाहुणे म्हणून आलेले कुलकर्णी २.५० ला, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे माने ३.०५ ला, कुरिअरवाला ३.१५ ला, इंटरनेटचे काम करणारा ३.३० ला आणि शिकवणीच्या बाई ४.०० वाजता आत आल्या. बाहेरच्या रकान्यात वरून खाली ५.४०, ३.४५, ३.२०, ४.५० आणि ५.०० अशा वेळा होत्या.

समितीने कुरिअरवाल्याच्या नावासमोर ४.५० वाचले. म्हणजे पाकीट द्यायला आलेला मुलगा एक तास पस्तीस मिनिटे आवारात होता असा अर्थ निघाला. एवढी चूक कशी झाली, याचे उत्तर फोटोच्या कोनात आहे. वही टेबलावर तिरकी होती, त्यामुळे फोटोत ओळी उजवीकडे किंचित चढत गेल्या आहेत. नावाच्या रकान्यापासून बाहेरच्या वेळेपर्यंत साधारण तीस सेंटिमीटर अंतर असेल आणि दोन ओळींमध्ये आठ मिलिमीटर असतील, तर अवघ्या दीड अंशाच्या कलाने नजर एक पूर्ण ओळ चुकते. पडद्यावर नावापासून सरळ आडवे बोट नेले की ते खालच्या नोंदीच्या वेळेवर जाऊन टेकते. डोळ्याला हा कल जाणवतही नाही.

त्यात भर पडली ती कामाच्या रकान्याने. माने यांनी ‘वॉशिंग मशीन’ एका ओळीत आणि ‘दुरुस्ती’ हा शब्द जागा न पुरल्याने खालच्या ओळीत, म्हणजे कुरिअरवाल्याच्या हद्दीत लिहिला होता, आणि त्या मुलाने ‘कुरिअर’ उरलेल्या जागेत कोंबले होते. परिणामी वाचणाऱ्याला माने नवीन मशीन पोचवायला येऊन पंधरा मिनिटांत गेलेले वाटले आणि खालचा मुलगा कसल्याशा दुरुस्तीसाठी दीड तास थांबलेला वाटला. दोन चुका एकमेकींना दुजोरा देत होत्या, म्हणूनच कोणाला शंका आली नाही. माने यांचे नावही ‘मोने’ असे वाचले गेले होते, कारण वरच्या कुलकर्णींच्या ‘कु’चा लांब ओढलेला उकार नेमका ‘मा’च्या कान्यावर उतरून मात्रेसारखा दिसत होता. फोटो मोठा करून पाहिला तर मात्रा अक्षराच्या माथ्यापासून वर सुटते आणि हा फराटा मात्र वरून निमुळता होत येऊन तिथे संपतो, हे स्पष्ट कळते. शिवाय त्याची शाई कुलकर्णींच्या काळ्या पेनाची आहे, माने यांच्या हिरव्या जेल पेनाची नाही.

शाई आणि अक्षर हाच एकमेकांत मिसळलेल्या नोंदी सोडवण्याचा पहिला धागा आहे. एका नोंदीचे नाव, काम आणि आत येण्याची वेळ एकाच हातची असते. ‘दुरुस्ती’ हा शब्द हिरव्या शाईत आणि शिरोरेषा न देता लिहिलेला होता, माने यांच्या बाकीच्या अक्षराप्रमाणेच. कुरिअरवाल्याचे अक्षर निळ्या बॉलपेनचे आणि शिरोरेषेसह होते. त्यामुळे तो शब्द कोणाचा, याबद्दल वाद उरत नाही.

बाहेरच्या वेळेला मात्र हा धागा लागू होत नाही, कारण त्या सर्व वॉचमनच्या हातच्या. आत येण्याच्या वेळा पानावर वरून खाली वाढतच जातात. बाहेरच्या वेळांना असा क्रम नसतो, कारण नंतर आलेला माणूस आधी जाऊ शकतो. अशा वेळी मी तो संपूर्ण रकाना एक ओळ वर आणि एक ओळ खाली सरकवून पाहतो. समितीच्या वाचनाप्रमाणे प्रत्येक नावाला खालची वेळ दिली, तर प्रत्येक जण आत आल्यानंतरच बाहेर गेलेला दिसतो, म्हणून नुसती ‘आधी आत, मग बाहेर’ ही तपासणी येथे पुरी पडत नाही. परंतु त्या वाचनात शिकवणीच्या बाईंना बाहेरची वेळच उरत नाही आणि पानाच्या माथ्यावरचे ५.४० कोणाच्याच वाट्याला येत नाही. उलट दिशेने सरकवले, तर इंटरनेटवाला ३.३० ला येऊन ३.२० ला गेलेला ठरतो, जे अशक्य आहे. जागच्या जागी ठेवले, तर दुरुस्तीला चाळीस मिनिटे, कुरिअरला पाच मिनिटे, शिकवणीला बरोबर एक तास असे सर्व बसते. ज्यांच्याकडे माने गेले होते त्या सभासदांनीही चाळीस मिनिटांना दुजोरा दिला. मुलगा ३.२० ला, बॅटरी जाण्यापूर्वीच, गेटबाहेर पडला होता.

एका सभासदाने ४.५० हे ८.५० वाचले होते, तेही सांगतो. देवनागरी चार घाईत लिहिला की इंग्रजी आठसारखा दिसतो. पण आमचा दिवसाचा वॉचमन सर्व आकडे देवनागरीत लिहितो आणि रात्री आठला येणारा इंग्रजीत, वेगळ्या पेनाने. दिवसाच्या वॉचमनने पानावर इतरत्र लिहिलेला चारचा आकडा पाहिला की हा प्रश्न मिटतो.

इतके करूनही काही घरे वाचता येत नाहीत. दुसऱ्या एका पानावर घडीच्या जागी पान फुगल्याने दोन वेळा एकमेकींवर चढल्या होत्या. तेथे मी ‘अवाच्य’ असे लिहिले. बाहेरची वेळ कोरी असेल तर ती कोरीच उतरवावी, अंदाजाने भरू नये, कारण वॉचमन नोंद करायला विसरला, की माणूस बाहेर पडलाच नाही, हे फोटो सांगू शकत नाही.

सोसायट्यांना विनंती एवढीच की फोटो काढताना वही सपाट दाबून, मोबाइल बरोबर वर धरून, रकान्यांची नावे व पानाचा तळ दोन्ही येतील असा घ्यावा, आणि ग्रुपवर टाकण्याआधी फोन नंबरचा रकाना झाकावा. नवीन वही छापून घेताना अनुक्रमांक नावाच्या डावीकडे तर असतोच, तोच बाहेरच्या वेळेच्या उजवीकडेही छापून घ्यावा. त्याला वेगळा खर्च येत नाही. आमच्या सोसायटीने पुढील वहीसाठी तसे सांगितले आहे, आणि त्या मुलाची समितीने अजून माफी मागितलेली नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आवक-जावक लिपिक, पुणे