हिरवा ठिपका टरफलाचा, आतल्या मालाचं काय?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

काल आरोग्य पुरवणीत 'शाकाहारी कॅप्सूल निवडा, निर्धास्त राहा' हा लेख वाचला. लेखिकाबाईंनी जिलेटिन कशापासून करतात हे व्यवस्थित सांगितलं, त्याबद्दल आभार. जनावरांची हाडं, कातडी आणि माशांची त्वचा उकळून ते काढतात, हे खरं आहे. पण 'हिरवा ठिपका बघितला की डोळे झाकून घ्या' हे वाक्य वाचून चहा घशात अडकला. आमच्या घरी डोळे झाकूनच घेतलं होतं. त्याचं काय झालं ते ऐका.

आमच्या नातीला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते असा आजार. गव्हाची पोळी, शंकरपाळी, शेवया सगळं बंद. बांधणीच्या हिंगातसुद्धा बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे आमच्या फोडणीतला हिंगही बदलला. आतड्याला इजा झालेली असल्याने अशा लेकरांच्या अंगात लोह आणि जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत, म्हणून डॉक्टरांनी वरून पूरक घ्यायला सांगितलं. सूनबाई मेडिकलवर गेली. दुकानदाराने 'नैसर्गिक' मल्टिव्हिटॅमिनची डबी काढून दिली. त्यावर हिरवा ठिपका होता आणि मोठ्या अक्षरात 'व्हेज कॅप्सूल' लिहिलं होतं. 'ताई, एकदम शुद्ध, निश्चिंत राहा,' असं सर्टिफिकेटही त्याने तोंडी दिलं.

पुढे पोट पुन्हा बिघडलं आणि रक्ताच्या तपासणीत टीटीजीचा, म्हणजे या आजाराची खूण दाखवणारा, आकडा वर गेला. डॉक्टरांनी आधी जेवणाची चौकशी केली आणि मग घरातलं सगळं औषध-पाणी पिशवीत घालून आणायला लावलं. डबीवर घटकांची यादी अशा अक्षरात छापली होती की भिंग लागलं. कवच आयएनएस 464, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून किंवा कापसाच्या तंतूपासून केलेला सेल्युलोज. त्यात काही वावगं नाही. पण आत भरलेला आधार अंकुरित गव्हाच्या पिठाचा! आणि 'यात गहू आहे' ही ओळ दुकानदाराच्या किमतीच्या चिकटपट्टीखाली. नखाने खरवडली तेव्हा दिसली.

मी आयुष्यभर गणित शिकवलं, म्हणून हिशेब करून बघितला. त्या कॅप्सूलमध्ये सुमारे 500 मिलिग्रॅम माल होता. रोज दोन, म्हणजे एक ग्रॅम. पीठ किती टक्के हे डबीवर नव्हतं, निम्मं धरू. गव्हाच्या पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन असतं. म्हणजे रोजचे 50 मिलिग्रॅम. चिमूटभर पिठाने काय होतं, असं कुणी म्हणेल. पण सीलिअॅकच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन महिनोन्महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते असं दिसलेलं आहे. 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाने किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आतच लागतं, ते उगाच नाही. डबी बंद केल्यावर आकडा हळूहळू खाली आला. बाकी खाण्यात काहीच बदल नव्हता, त्यामुळे तिचाच प्रताप असं आम्ही धरलं.

आता गंमत बघा. जिलेटिन हे कोलॅजेन या प्राण्यांच्या प्रथिनापासून होतं, त्यात ग्लुटेन नसतं. म्हणजे लेखिकाबाईंनी काळ्या यादीत टाकलेली जिलेटिनची कॅप्सूल, आत गहू-जव नसेल तर, आमच्या लेकराला चालली असती. आणि शुद्ध म्हणून हातात दिलेली तिने पोट बिघडवलं. ठिपका माल प्राणिजन्य आहे की नाही एवढंच सांगतो. तोही दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना शाकाहारीच धरतो. ज्या लेकराला दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी आहे, त्याच्या आईला हिरव्या ठिपक्याने काय कळणार? दुधापासूनच केलेल्या व्हे प्रोटीनच्या डब्यावरही तो ठिपका थाटात असतो.

सोयाचं सांगायलाच नको. तुमच्या पहिल्या पानावर लातूरच्या बाजारातला सोयाबीनचा भाव रोज असतो, पण ते डबीत कुठे लपलंय हे ओळखायला आकडे पाठ करावे लागतात. 'इमल्सिफायर 322' म्हणजे लेसिथिन, आणि ते बऱ्याचदा सोयाबीनचं असतं, कधी सूर्यफुलाचंही. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे सोयाच्या अॅलर्जीवाल्यांपैकी बहुतेकांना त्याने त्रास होत नाही. पण सोया प्रोटीन घातलेली पावडर ही वेगळी गोष्ट, तिथे गाफील राहून चालत नाही. उलट 'माल्टोडेक्स्ट्रिन' वाचून घाबरणारे पुष्कळ, ते बहुधा मक्याचं असतं. खरं बघायचं ते 'माल्ट एक्स्ट्रॅक्ट', कारण ते जवापासून होतं आणि त्यात ग्लुटेन येतं.

कायद्याने पूरकांच्या डबीवर गहू-जव, दूध, सोया, शेंगदाणे, अंडी, मासे यांची नोंद हवी, आणि बहुतेक ठिकाणी ती असतेही. ज्या डबीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे, तिथे ती शोधायची. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं दुसऱ्या कायद्याखाली येतात. तिथे ना हिरवा ठिपका, ना तपकिरी त्रिकोण, आणि गोळीच्या पट्टीवर मूळ औषध तेवढं असतं. भराव दुधातल्या लॅक्टोजचा की स्टार्चचा, स्टार्च मक्याचा की गव्हाचा, हे बहुधा लिहिलेलं नसतं. तिथे कंपनीला फोन करून विचारणं एवढाच मार्ग उरतो. कंपनीच्या ताई 'सर, मी वरिष्ठांना विचारून कळवते' म्हणाल्या. अजून वरिष्ठ सापडले नसावेत.

आमच्या मंडळी माळकरी. डॉक्टरांनी आठवड्याला 60,000 युनिटचं ड जीवनसत्त्व दिलं, ते पारदर्शक मऊ कॅप्सूलमध्ये, म्हणजे बहुधा जिलेटिनमध्ये. त्यांनी ते तोंडात धरलं नाही. तेच औषध सॅशेत आणि पातळ स्वरूपातही मिळतं, ते मागितलं, मिळालं. दुकानदाराने आधी सांगायला हरकत नव्हती. ड-3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात, हेही मी त्यांना सांगून टाकलं. 'मेंढीला मारत तर नाहीत ना?' म्हणाल्या आणि घोट घेतला.

ती गव्हाची डबी परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता, कारण सील तुटलं होतं. 'ग्राहकाने वाचूनच घ्यायचं असतं, काका.' चिकटपट्टी कुणी लावली होती, असं विचारल्यावर त्याला दुसरं गिऱ्हाईक दिसलं.

शेवटी आणखी एक. काल ज्या पानावर तो लेख होता, त्याच पानावर खाली अर्धं पान कसल्याशा ताकदीच्या कॅप्सूलची जाहिरात आहे. शंभर टक्के शाकाहारी, घटकांची यादी मात्र नाही. मालक मंडळींना जाहिरात हवीच असते, पण निदान घटक छापायची अट घालता येते का ते पाहावं. आणि लेखिकाबाईंच्या त्या एका वाक्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, शक्य असल्यास तेवढ्याच मोठ्या अक्षरात, छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, लातूर