आपल्या घराचा वास

लालबाग, मुंबई
२१ सप्टेंबर

प्रिय सुधीर,

गेल्या महिन्यात तू निघताना जिन्यात थांबून, अगदी संकोचत म्हणालास, "रागावू नकोस, पण तुझ्या घरात शिरलं की कुबट वास येतो." तेव्हा मला बोलता आलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त धास्ती वाटली ती याची, की मला तो वास येतच नव्हता. आईला नाही, मीनाला नाही. मी त्या रात्री कपाटात डोकं घालून हुंगलं. काही नाही. अगदी काही नाही.

मग मी हा विषय धरला. नाकाच्या वरच्या भागात वास टिपणाऱ्या पेशी असतात. वासाचा कण चिकटला की पेशीत कॅल्शियम शिरतं, आणि तेच कॅल्शियम पेशीची संवेदना थोडी उतरवतं. म्हणून अगरबत्ती लावल्यावर काही मिनिटांत तिचा वास विरल्यासारखा वाटतो. पुढे मेंदूही बदल नसलेली खबर बाजूला टाकतो. नव्या वासासाठी, म्हणजे दूध करपलं, गॅस सुटला तर, जागा मोकळी राहावी म्हणून. इथवरचं नुकसान बाहेर जाऊन आलं की भरून निघतं.

पण घराची गोष्ट वेगळी आहे, आणि मला हेच ठाऊक नव्हतं. १९९६ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या पामेला डाल्टन आणि चार्ल्स वायसॉकी यांनी लोकांच्या घरात दोन आठवडे एक ठरावीक वास ठेवला. तेवढ्याच वासाला त्यांची नाकं मंदावली, आणि वास काढून घेतल्यावर काहींची पुढचे दोन आठवडेसुद्धा पूर्ववत झाली नाहीत. म्हणजे खाली जाऊन चहा पिऊन आलो आणि पुन्हा हुंगलं, याने माझ्यासारख्याचं भागणार नव्हतं. कॉफीच्या बिया हुंगण्याचा तोडगाही तपासला गेलाय. साध्या हवेपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही.

म्हणून ठरवलं, नाक घराबाहेर न्यायचं नाही, घराचा वास बाहेर न्यायचा, आणि तोही दुसऱ्याच्या नाकाकडे. बाबांच्या जुन्या धोतराचे चार तुकडे केले. साबणाशिवाय गरम पाण्यात उकळले. पावसात ऊन कुठलं, म्हणून इस्त्रीने वाळवले. एक लगेच बरणीत बंद केला, तो कोरा. बाकीचे तीन हॉल, स्वयंपाकघर आणि आतल्या खोलीतलं कपाट अशा ठिकाणी एक दिवस-रात्र ठेवून मग बरण्यांत घातले.

पहिला प्रयत्न फुकट गेला. बरण्या लोणच्याच्या होत्या, घासून घासून धुतलेल्या, तरी झाकणाच्या रबरात मोहरी मुरलेली. कोऱ्या तुकड्यालासुद्धा लोणच्याचा वास, तिथेच कळलं. तो कोरा ठेवला नसता तर मी स्वयंपाकघराला दोष देऊन मोकळा झालो असतो. दुसऱ्यांदा नव्या काचेच्या बरण्या आणल्या, तळाला फक्त आकडे चिकटवले आणि ऑफिसातल्या कदमच्या पुढ्यात मांडल्या. कुठली कशाची ते त्याला सांगितलं नाही. झाकण उघडायचं, दोन श्वास घ्यायचे, लगेच मनात आलेला शब्द सांगायचा, आणि पुढच्या बरणीआधी खिडकीपाशी दोन मिनिटं उभं राहायचं. जास्त वेळ हुंगलं तर त्याचंही नाक तिथेच मंदावणार.

एकला तो म्हणाला, "काही नाही." तो कोरा होता. दोनला "फोडणी", म्हणजे स्वयंपाकघर. तीनला "देवघर, आणि जरा जुनी पुस्तकं", हे ऐकून मला बरं वाटलं, तो आमचा हॉल. चारला तो मागे सरला. "पावसात भिजलेलं पोतं."

कपाट.

रविवारी मी आणि शेजारच्या पोराने ते ओढलं. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, मागे बोटभरही फट नाही. प्लायवर कोपरापर्यंत काळी बुरशी आणि गिलावा हाताला गार, ओला. आईच्या लुगड्यांच्या घड्या त्याच बाजूला होत्या, सुधीर. ती रोज त्यातलंच नेसून देवळात जाते.

बाहेरच्या भिंतीला भेग आहे, ती पाऊस सरल्यावरच बुजवता येईल. तोवर कपाट वीतभर पुढे ठेवलंय, कपडे हॉलमध्ये हलवलेत. बुरशीचा प्लाय पुसून भागणार नाही, तो बदलायचा आहे.

दिवाळीनंतर भिंत वाळली की चार नव्या बरण्या पुण्याला आणेन. माझं नाक अजून विश्वासाचं नाही, आणि जे सांगायचं ते तू सांगतोस. वहिनींनाही हुंगायला सांग, पण वेगळ्या खोलीत, म्हणजे एकाचं ऐकून दुसरा बोलणार नाही.

तुझा,
विनय